डार्क ब्राऊन केस, ब्लीच नको: हाय-लिफ्ट डाय नक्की कुठपर्यंत नेतो?

"ताई, माझे केस डार्क ब्राऊन आहेत, खांद्याच्या खाली वीतभर. ब्लीचची भीती वाटते म्हणून हाय-लिफ्ट डायने दोन-तीन शेड लाईट करायचा विचार आहे, घरीच. नारिंगी झाक अजिबात नकोय, थंड बेज ब्राऊन हवाय. केस तसे नॅचरलच आहेत, फक्त चौदा महिन्यांपूर्वी एकदा डार्क चॉकलेट ब्राऊन कलर लावला होता पण तो कधीच धुवून निघाला. ३० व्हॉल्यूम घेऊ की ४०?"

डेव्हलपर ३० चा की ४० चा, म्हणजे त्यातलं पेरॉक्साइड किती स्ट्रॉंग, हे नंतर बघू, आधी त्या चौदा महिन्यांबद्दल बोलू, कारण तुझं सगळं गणित तिथेच अडकलंय.

तो चॉकलेट ब्राऊन पर्मनंट कलर असेल, म्हणजे दोन गोष्टी मिसळून लावायचा, तर तो धुवून निघालेला नाही. फिका पडलाय, वरची चमक गेलीये, पण रंगाचे कण केसाच्या आत तयार होऊन मोठे होतात आणि तिथेच अडकून बसतात, ते शाम्पूने बाहेर येत नाहीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे चौदा महिन्यांत सतरा-अठरा सेंटीमीटर. डोक्यापासून तेवढी लांबी तुझी खरी नॅचरल, आणि त्याच्या खालचं सगळं, म्हणजे अर्ध्याहून जास्त लांबी, अजूनही रंगवलेली आहे. दिवसा खिडकीपाशी उभी राहा, एक बट सरळ ओढून धर आणि कानाच्या पातळीपासून खाली हळूहळू बघत जा. बहुतेक वेळा एक जागा सापडते जिथून केस जरा सपाट, एकसुरी दिसायला लागतात, वरच्या भागात उन्हात जी बारीक लालसर-सोनेरी चमक असते ती खाली नसते. ती तुझी सीमारेषा.

आणि हाय-लिफ्ट डायचा पहिला नियम हाच की डाय डायला उचलत नाही, म्हणजे उजळ करत नाही. तो तुझ्या जन्मजात मेलॅनिनवर काम करतो, आधी घातलेल्या कृत्रिम रंगावर जवळजवळ काहीच करू शकत नाही. म्हणजे आज तू सगळ्या केसांना एकसारखा लावून मोकळी झालीस तर वरचे सतरा सेंटीमीटर उजळ होतील आणि खालचे केस जसेच्या तसे गडद राहतील, फक्त आणखी कोरडे होऊन. वर उजेड खाली अंधार, आणि ते मुद्दाम केल्यासारखंही दिसत नाही. मी सलूनमध्ये काम करायचे तेव्हा असे डोके घेऊन येणाऱ्या मुली मी बऱ्याच बघितल्यात आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य तुझ्यासारखंच असायचं, की केस तसे नॅचरलच आहेत.

आता हाय-लिफ्ट म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण "ब्लीच नाही म्हणजे सौम्य" असं धरून चाललीस तर चुकशील. साधा पर्मनंट कलर पण थोडं लाईट करतो, एखादी लेव्हल, फार तर दोन. त्यात अमोनिया केस फुगवून बाहेरचं आवरण उघडतो, डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन मेलॅनिन तोडतं, आणि त्याच वेळी नवा रंग तयार होऊन बसतो. हाय-लिफ्टमध्ये हेच सगळं, फक्त अमोनिया जास्त, रंग अगदी पातळ, आणि डेव्हलपर दुप्पट, म्हणजे बहुतेक कंपन्यांमध्ये एक भाग क्रीम आणि दोन भाग डेव्हलपर. ब्लीचमध्ये याच्या जोडीला परसल्फेट असतात, ते मेलॅनिनवर फार जोरात तुटून पडतात म्हणून ब्लीच काळ्या केसाला पार पिवळ्यापर्यंत नेऊ शकतो. हाय-लिफ्टकडे ते हत्यार नाही. म्हणून तो मर्यादित उचलतो, पण जेवढं उचलतो तेवढं स्ट्रॉंग पेरॉक्साइड आणि भरपूर अमोनियाच्या जोरावरच, आणि त्याने केस कोरडे होतात, टाळू भाजू शकते. ब्लीचपेक्षा कमी त्रास, हे खरं. निरुपद्रवी, हे खोटं.

केसांच्या लेव्हल १ ते १० अशा मोजतात, १ काळा, १० सगळ्यात फिका सोनेरी. डार्क ब्राऊन म्हणजे ३, जरा फिका असेल तर ४. हाय-लिफ्टच्या खोक्यावर चार लेव्हल लिफ्ट लिहिलेलं असतं ना, ते मुळात लेव्हल ६ किंवा त्याहून फिक्या केसांना डोळ्यासमोर ठेवून असतं. गडद केसांवर मी प्रामाणिकपणे दोन लेव्हल धरते, केस बारीक आणि मऊ असतील तर अडीच-तीन. जाड, ताठ केस असतील तर दोनवरच थांबतो. म्हणजे तू ४ वरून ६ च्या आसपास येशील. आरशात बघताना हा फरक चांगला कळतो, लोकांनाही कळतो, पण तो ब्लाँड नाही, उबदार लाईट ब्राऊन आहे.

आणि उबदार हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण तुझ्या पत्रातली खरी गाठ तीच आहे.

गडद केसात तपकिरी-काळं मेलॅनिन भरपूर असतं आणि त्याच्यासोबत लालसर-पिवळं मेलॅनिन असतं. पेरॉक्साइड गडद भाग आधी फोडतं, लाल-नारिंगी भाग चिवट, तो मागे राहतो. म्हणून केस उजळताना एक ठरलेल्या वाटेने जातात: लेव्हल ४ ला खाली लाल, ५ ला लाल-नारिंगी, ६ ला सरळ नारिंगी, ७ ला नारिंगी-पिवळा, ८ ला पिवळा. तू कुठलीही कंपनी घे, ही वाट बदलत नाही. तू ६ वर थांबणार म्हणजे तू बरोबर नारिंगीच्या स्टेशनवर उतरणार. चूक झाली म्हणून नारिंगी येत नाही, गाडी तिथपर्यंतच जाते म्हणून येतो. बेज ब्राऊनमध्ये जी थंड झाक असते ती या नारिंगीला झाकूनच मिळवावी लागते, ती आपोआप येत नाही.

इथे अ‍ॅश शेड कामाला येते. खोक्यावर पॉईंटनंतरचा आकडा बघ, बऱ्याच कंपन्यांमध्ये .१ म्हणजे अ‍ॅश, .२ म्हणजे व्हायलेट किंवा पर्ल, .३ म्हणजे गोल्डन, पण कंपनीगणिक थोडं बदलतं म्हणून शेड कार्ड नीट वाच. तुला अ‍ॅश घ्यायचाय, कारण त्यात निळसर रंग असतो आणि निळा नारिंगीला मारतो. व्हायलेट पिवळ्याला मारतो, तो तुझ्या उपयोगाचा नाही, आणि म्हणूनच जांभळा शाम्पू आणून पैसे घालवू नकोस, नारिंगी केसावर त्याचा काही उपयोग होत नाही, घ्यायचाच तर निळा शाम्पू घे. गोल्डन किंवा न्यूट्रल हाय-लिफ्ट घेतलास तर डोकं तांब्याच्या भांड्यासारखं चमकेल. पण अ‍ॅश घेऊनही थोडी ऊब राहील हे धरून चाल, कारण हाय-लिफ्टमधला रंग फार पातळ असतो, तो मुळात पिवळ्या केसांवर झाक देण्यापुरता ठेवलेला असतो, घट्ट नारिंगीला तो पुरत नाही.

म्हणून प्लॅन एका दिवसाचा नाही, दोन पायऱ्यांचा आहे. पहिल्यांदा लिफ्ट, आठवडाभराने केस शांत झाले की डेमी-पर्मनंट टोनर, ६.१ च्या आसपास, हलक्या डेव्हलपरसोबत, दोन ते तीन टक्क्यांचा, दहा-पंधरा मिनिटं. टोनर लाईट करत नाही, फक्त झाक बदलतो, म्हणून त्याची लेव्हल तुझ्या केसाची जी आली असेल तीच किंवा किंचित गडद घ्यायची, फिकी घेतली तर काहीच दिसणार नाही. आणि तो काही आठवड्यांत उतरतो, मग परत लावावा लागतो. हा कायमचा सांभाळ तुला मंजूर असेल तरच थंड शेडच्या नादी लाग, नाहीतर कॅरमलकडे झुकणारा उबदार ब्राऊन मान्य करून टाक, डार्क ब्राऊनवाल्यांना तो खूप छान दिसतो आणि सांभाळायलाही सोपा.

आता तुझ्या खालच्या रंगवलेल्या भागाचं काय करायचं. मी असते तर आधी कलर रिमूव्हर वापरला असता. हा ब्लीच नाही, हा आत मोठे झालेले डायचे कण परत बारीक करतो आणि मग ते पाण्यासोबत निघून जातात. गंधकासारखा, सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्याला घाबरू नकोस. तुझ्या नॅचरल मेलॅनिनला तो हात लावत नाही, त्यामुळे खालचे केस तुझ्या मूळ रंगापेक्षा थोडे उजळ आणि नारिंगीसर निघतील, कारण त्या जुन्या कलरसोबतच्या डेव्हलपरने तेव्हाच थोडं लिफ्ट केलेलं असतं. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती धुण्यात. ते बारीक झालेले कण पूर्ण निघाले नाहीत आणि वरून पेरॉक्साइडवाला डाय लागला की ते परत मोठे होतात आणि केस तासाभरात पुन्हा गडद. म्हणून रिमूव्हरनंतर खोक्यावर सांगितलेल्या वेळेइतकं, अगदी कंटाळा येईपर्यंत, कोमट पाण्याने धू, शाम्पू लावून धू, आणि मग निदान आठ-दहा दिवस थांब, मधे दोन-तीनदा केस धुतले जाऊ देत. मेंदी किंवा काही न मिसळता तसाच लावायच्या डायरेक्ट कलरवर हा रिमूव्हर चालत नाही हे पण लक्षात ठेव.

मेंदीवरून आठवलं, तू लिहिलं नाहीस पण लावली असशील तर थांब. शुद्ध मेंदीचे केस उचलत नाहीत, फार तर नारिंगी होतात. पण "काळी मेंदी" किंवा हर्बल म्हणून विकलेल्या काही पावडरीत धातूंचे क्षार असतात आणि ते पेरॉक्साइडशी रिअ‍ॅक्ट होतात, केस तापतात, वाफ येते, तुटतात. शंका असेल तर कंगव्यात आलेले केस एका काचेच्या वाटीत मिसळलेल्या हाय-लिफ्टमध्ये अर्धा तास बुडवून बघ. बुडबुडे, उष्णता, विचित्र वास किंवा रंग एकदम हिरवट, यातलं काहीही झालं तर डोक्याला लावायचं नाही, विषय संपला.

यानंतर बट-चाचणी, आणि ही टाळलीस तर माझा बाकीचा सगळा सल्ला वाया. मी दोन बटा घ्यायला सांगते. एक कानामागून, जिथे पूर्ण नॅचरल केस आहेत, आणि एक मागून, सीमारेषेच्या खालचा भाग असलेली, रिमूव्हर झाल्यानंतर. पेन्सिलएवढी जाड, वर दोरा बांधलेली. वजनकाट्यावर ५ ग्रॅम क्रीम, १० ग्रॅम डेव्हलपर मिसळ, नीट भिजव आणि फॉईलवर ठेव, गुंडाळू नकोस, कारण फॉईलमध्ये उष्णता वाढते आणि टेस्ट खोटी पडते. दर दहा मिनिटांनी ओल्या पांढऱ्या टिश्यूने थोडासा भाग पुसून रंग बघ आणि पुसलेल्या जागी परत लाव. पहिल्या वीस मिनिटांत केस लाल, मग तांबूस होत जातील, वरचं मिश्रण मात्र जांभळट-काळं दिसायला लागेल, ते बघून "अरे हा तर गडद होतोय" म्हणून धुवू नकोस. पहिल्या अर्ध्यात लिफ्ट होतं, झाक दुसऱ्या अर्ध्यात बसते, म्हणून वेळेआधी धुतलं की नेमकी अ‍ॅश झाक बसायची राहते आणि नुसता उघडा नारिंगी हातात येतो. वेळ साधारण ४५ ते ५० मिनिटं, तुझ्या कंपनीच्या कागदावर असेल तोच शेवटचा शब्द. मग धू, वाळव आणि दिवसा बघ, बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली नाही. ओली असतानाच बट हळूच ताण, लवून परत आली तर ठीक, च्युइंगमसारखी लांबतच गेली तर त्या भागाला आता केमिकल नको.

दोन्ही बटा जवळ ठेवून बघ. जवळजवळ सारख्या असतील तर पूर्ण डोक्यावर जायला हरकत नाही. खालची बट खूप गडद राहिली किंवा परत काळवंडली, तर माझं मत स्पष्ट आहे, घरी पुढे जाऊ नकोस. एक तर थांब, दर तीन महिन्यांनी खालून कापत जा आणि नॅचरल लांबी खांद्यापर्यंत आली की कर, नाहीतर कलरिस्टकडून फक्त खालच्या भागात थोड्या बारीक बटा हलक्या ब्लीचने करून घे. सगळं डोकं ब्लीच करणं आणि खाली काही बटा करणं यात खूप अंतर आहे, आणि त्या बटा टाळूला लागतही नाहीत.

आता तुझा ३० की ४० चा प्रश्न. ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९. एकास दोन मिसळल्यावर प्रत्यक्षात डोक्यावर साधारण ८ आणि ६ टक्के जातं. ४० ने जास्तीत जास्त लिफ्ट मिळतो आणि काही हाय-लिफ्ट त्याच्यासाठीच बनवलेले असतात, पण मी घरी पहिल्यांदा करणाऱ्या कुणालाच टाळूवर ४० सांगत नाही. तू दोन्हीची बट करून बघ, फरक अर्ध्या लेव्हलचाच असेल तर ३० घे, आणि कंपनीने ३० ला परवानगी दिलीये का ते बघ. ४० शिवाय जमतच नसेल तर ते काम सलूनमध्ये. आणि डेव्हलपर जास्त ओतून ताकद वाढत नाही, मिश्रण पातळ होऊन ओघळतं तेवढंच.

ऍलर्जीची टेस्ट ४८ तास आधी, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे, खोक्यातल्या सूचनेप्रमाणे. आधी कलर लावला होता आणि काही झालं नव्हतं म्हणून सोडू नकोस, डायची ऍलर्जी वापरता वापरताच तयार होते, आणि कधी हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून पुरळ आलं असेल तर असा डाय अजिबात लावायचा नाही.

लावायच्या दिवशी केस धुतलेले नकोत, आदल्या दिवशीही नको, टाळूवरचं तेल थोडं वाचवतं. टाळूवर ओरखडा किंवा फोड असेल तर पुढे ढकल. भांडं प्लास्टिकचं, हातात ग्लोव्हज, खिडकी उघडी कारण अमोनियाचा वास डोळ्यात जातो. ६० मिलीची ट्यूब म्हणजे १२० डेव्हलपर, एकूण १८० मिली, तुझ्या लांबीला दोन ट्यूब लागतील, केस दाट असतील तर तिसरी हाताशी ठेव. दुसरी ट्यूब पहिली संपत आली की मिसळ, आधीच मिसळून ठेवलीस तर तिची ताकद वाटीतच जाते.

आणि मुळांना सगळ्यात शेवटी. माझ्या स्वतःच्या केसांवर पहिल्यांदा मी मुळापासून सुरुवात केली होती, कारण साध्या कलरला तशीच सवय होती. दोन तासांनी आरशात बघितलं तर टाळूलगतचा दोन बोटांचा पट्टा केशरी-सोनेरी आणि खाली ब्राऊन, भांग पाडला की एखादी पट्टी चिकटवल्यासारखा. टाळूच्या उबेने मुळाशी डाय फार पटपट उचलतो, त्यात मुळाचा केसही कोवळा. म्हणून बारीक भाग करून टाळूपासून दोन सेंटीमीटर सोडून लावत जा, मागून सुरुवात, भरपूर, केस मिश्रणात बुडलेला दिसला पाहिजे, कारण हाय-लिफ्ट सुकला की काम थांबतं. वीस मिनिटांनी मुळांना लाव, आणि तिथून पुढे उरलेली वेळ. प्लास्टिकची टोपी, हेअर ड्रायर काही नको. थोडं चुणचुणणं चालतं, पण आग होत असेल तर मिनिटं मोजत बसू नकोस, लगेच गार पाण्याने धू.

एक शेवटचं, जे बहुतेक जणी दुसऱ्या महिन्यात विसरतात. रंग मनासारखा उजळला नाही म्हणून त्याच केसांवर परत हाय-लिफ्ट लावलास तर ते आणखी उजळणार नाहीत, कारण आता तेही डाय केलेले केस झाले. पुढच्या वेळी, सहा-आठ आठवड्यांनी, फक्त नव्याने आलेल्या मुळांना, जुन्या रेषेवर न चढवता. तेव्हा मुळं दीड-दोन सेंटीमीटरच असतील आणि ती सगळी टाळूच्या उबेत असतात, म्हणून या वेळच्यासारखं दोन टप्प्यात करायची गरज नाही.

बटा झाल्या की दोन्हींचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठव, टोनरचा नंबर त्यावरून ठरवू.